स्वस्त माल मुद्दाम कसा बिघडवावा: होतकरू विक्रेत्यांसाठी काही सूचना

तिकीट काढून झालं, पैसे गेले, आणि मग पडद्यावर विमानाचा नकाशा उघडला. अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या, आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर वेगळा भाव चिकटवलेला. खाली बारीक अक्षरांत आश्वासन: 'आसन निवडायचे नसल्यास आम्ही आपल्यासाठी निवडू.' ते कसं निवडतात हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. तेव्हा चडफडत बसण्यापेक्षा ही विद्या आपणच शिकून घ्यावी हे बरं. उद्या तुम्हीही काहीतरी विकायला काढाल. एकाच मालाचे दोन दर्जे करावेत, आणि त्यातला खालचा नीट बिघडवावा, एवढंच या धंद्याचं गुपित आहे.

पहिली सूचना: खालच्या दर्जात काटकसर करायची असते हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. पैसे वाचवायला माल हलका करणं हे कुणालाही जमतं. खरी कला पैसे न वाचवता माल हलका करण्यात आहे.

हे सगळ्यात आधी स्वच्छ शब्दांत लिहिलं ते ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने, १८४९ साली. तेव्हा काही रेल्वे कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, बसायला नुसती लाकडी बाकं असत. ऊन, पाऊस, इंजिनाचा धूर, सगळं थेट डोक्यावर. द्युपुईचं म्हणणं असं की छपराचे नि गादीचे काही हजार फ्रँक वाचावेत म्हणून कंपनी हे करत नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडतं त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून करते. गरिबाशी तिचं काही वैर नाही, तिला फक्त पैसेवाल्याला धाक घालायचाय. लेकी बोले, सुने लागे. फरक इतकाच की इथे लेकीला नुसतं बोलत नाहीत, भिजवतात.

आता वही काढा, कारण किती बिघडवायचं हे अंदाजाने ठरवायचं नसतं. समजा तुमच्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं आहेत: १० साहेब आणि २० साधी माणसं. वरच्या दर्जासाठी साहेब १०० मोजायला तयार आहे. खालचा दर्जा बऱ्यापैकी असेल, तर साहेबाच्या लेखी तो ७० चा आणि साध्या माणसाच्या लेखी ४० चा. खर्च तूर्त बाजूला ठेवू. खालचं तिकीट तुम्ही ४० ला लावलंत की साहेब मनात हिशेब करतो: ७० ची गोष्ट ४० ला मिळतेय, म्हणजे ३० चा फायदा. त्याला वर ठेवायचं तर वरच्या तिकिटातही तेवढा फायदा सोडावा लागतो, म्हणजे ते ७० च्या वर नेता येत नाही. एकूण गल्ला: साहेबांचे ७००, साध्यांचे ८००, मिळून १५००.

आता छप्पर काढा. तोच खालचा दर्जा साध्या माणसाला ३० चा वाटू लागतो आणि साहेबाला, त्याचा कोट भिजत असल्यामुळे, फक्त ३५ चा. खालचं तिकीट ३० ला लावा. साहेबाला खाली उतरून आता केवळ ५ चा फायदा आहे, म्हणून वरचं तिकीट थेट ९५ ला नेता येतं. गल्ला: ९५० अधिक ६००, म्हणजे १५५०. माल वाईट केलात आणि ५० जास्त कमावलेत. छप्पर काढायला सुतार बोलवावा लागला असेल तर त्याची मजुरीही यातून निघते.

मात्र हुरळून जाऊन सगळीकडे छपरं उचकटू नका. प्रत्येक साहेबामागे २५ वाढले आणि प्रत्येक साध्या माणसामागे १० गेले, एवढाच हा खेळ आहे. एका साहेबामागे साधी माणसं अडीचपेक्षा जास्त झाली की गणित उलटतं. २० च्या जागी ३० साधी माणसं घ्या: छप्पर असताना १९००, काढल्यावर १८५०. जिथे गर्दी साध्यांची आणि साहेब तुरळक, तिथे छप्पर राहू द्यावं. दयाळूपणाचं श्रेय फुकट मिळतं.

दुसरी सूचना: बिघाड असा निवडा की साहेबाला तो जास्त टोचेल. वरच्या हिशेबात छप्पर गेल्यावर साध्या माणसाच्या लेखी मालाची किंमत १० ने घसरली आणि साहेबाच्या लेखी ३५ ने, तिथेच सगळी मेख आहे. म्हणून वाट बघायला लावणं हे उत्तम हत्यार. ज्याला घाई असते त्याच्याकडे बहुधा पैसेही असतात.

याचा नमुना १९९० सालचा. आयबीएमचा एक लेझर प्रिंटर मिनिटाला १० पानं छापायचा. कंपनीने त्याचाच स्वस्त भाऊ काढला, तो ५ पानं छापायचा. आतलं यंत्र जवळजवळ तेच. फरक फर्मवेअरमध्ये: मधूनमधून थांबायच्या सूचना घातलेल्या. म्हणजे कागद तयार, शाई तयार, आणि यंत्र सांगितल्याबरहुकूम उगाच थांबलंय. हळू छापायला शिकवण्याचा खर्च जास्तीचा, आणि विकायचा मात्र स्वस्तात. ऑफिसवाल्याला ५ पानांचा वेग परवडत नाही. घरी महिन्यातून चार पत्रं छापणाऱ्याला तो चालून जातो. बिघाड अगदी नेमका बसला.

तिसरी सूचना: बिघडवलेलं परत दुरुस्त करून विका. इंटेलने १९९१ मध्ये ४८६एसएक्स हा प्रोसेसर आणला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे महागडा ४८६डीएक्सच, फक्त त्यातला अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग बंद केलेला. पुढे ज्याला तो भाग हवासा वाटे त्याच्यासाठी ४८७एसएक्स नावाची जोडचिप होती, शेजारच्या सॉकेटमध्ये बसवायची. ही जोडचिप म्हणजे प्रत्यक्षात अख्खा डीएक्स होता, एक पिन जादा असलेला. ती बसली की आधीचा प्रोसेसर गप्प व्हायचा आणि सगळं काम नवी चिप करायची. आधी पैसे देऊन घेतलेला प्रोसेसर जागच्या जागी नुसता बसून.

चौथी सूचना: खालच्या दर्जाला 'बेसिक', 'लाइट' किंवा 'स्मार्ट' म्हणा. 'मोडका' म्हणू नका.

पाचवी सूचना: आसनव्यवस्था. इथे जरा सविस्तर बोलू, कारण या धंद्यातली ही सर्वांत सुबक कारागिरी आहे. डब्याचं छप्पर काढायला निदान हातोडा लागायचा. इथे काहीच काढायचं नसतं. खुर्ची आहे, ती उडणार आहे, तिच्यात कुणीतरी बसणारच आहे. तिचा तुमचा खर्च तिच्यात कोण बसतं यावर अवलंबून नाही. तुम्ही फक्त कोण कुठे बसणार हे सांगायचं नाही. मग ती अनिश्चितताच विकायला काढायची. एकट्या माणसाला सांगा, मधली खुर्ची मिळू शकेल. जोडप्याला सांगा, शेजारी बसाल याची हमी नाही. आणि लेकरू बरोबर असेल तर काहीच सांगू नका, नुसता नकाशा दाखवा. बाकीचं काम आईचं काळीज करतं. तिने निवडीचे पैसे भरले नाहीत तर चेक-इनच्या वेळी आईला २७ क द्या आणि चार वर्षांच्या पोराला ९ ब. मधल्या सतरा रांगांत शेजारी-शेजारी रिकाम्या जागा असतील तरी द्यायच्या नाहीत, कारण फुकटात शेजार मिळतो ही बातमी पसरली की पुढच्या वेळी कोण पैसे भरणार? म्हणजे रिकाम्या जागा रिकाम्या ठेवूनच माणसं विखरायची. आणि याला नाव काय द्यायचं? 'यादृच्छिक वाटप'. वा! मग विमानात जे व्हायचं ते होतं. पोर रडतं. शेजारच्या परक्या माणसाला, त्याचा काहीएक गुन्हा नसताना, डबा उघडून द्यावा लागतो. आई वाटेत उभी राहून प्रत्येकाला विनवते, 'जरा बदलता का जागा?' ज्याने मार्गिकेच्या खुर्चीचे जादा पैसे मोजलेत तो का बदलेल? मागे रांग खोळंबते. शेवटी केबिनमधले कर्मचारी येतात आणि जे काम संगणकाने क्षणात केलं असतं ते घाम गाळत, हात जोडत करतात, आणि शिव्याही त्यांनीच खायच्या. नियम ज्याने केला तो कुठेतरी गार खोलीत आलेख बघतोय. लाज कशी वाटत नाही, असं विचारायचं नाही. आपण धंदा शिकतोय.

सहावी सूचना: 'नको' या बटणाचा रंग फिका ठेवा.

सातवी सूचना: सरकार आणि शेजारचा दुकानदार या दोघांपासून जपा. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना सांगितलं की रोज निदान एक गाडी अशी सोडा, जिच्यात तिसऱ्या वर्गाला छप्पर असेल आणि थांबे धरून वेग ताशी १२ मैलांच्या खाली जाणार नाही. कंपन्यांनी छप्पर घातलं. मग कित्येकींनी ही गाडी भल्या पहाटे किंवा अशाच कुठल्या अडनिड्या वेळेला ठेवली. एक छप्पर गेलं तर दुसरा बिघाड शोधायचा, हे ध्यानात ठेवा. कायद्यापेक्षा घात केला तो मिडलंड रेल्वे या कंपनीने. तिने १८७२ मध्ये आपल्या सगळ्या गाड्यांत तिसरा वर्ग घेतला, आणि १८७५ मध्ये दुसरा वर्गच काढून टाकून तिसऱ्याला गाद्या दिल्या. बाकीच्यांना हळूहळू तिच्या मागोमाग जावं लागलं. असा एक जरी शेजारी निघाला की तुमचं ९५ चं तिकीट पुन्हा खाली येतं, म्हणून मार्गावर एकटेच असाल अशी व्यवस्था आधी करा.

बास. एवढा वेळ हसतमुखाने लिहिलं, आता जमत नाही.

दोन दर्जे असूच नयेत असं कुणी म्हणत नाही. वरच्या हिशेबात नुसतं १०० चं तिकीट ठेवलं असतं तर गल्ला १००० चा झाला असता आणि २० माणसं घरी बसली असती. स्वस्त तिकिटामुळे ती निघाली, हे खरं आहे. रुंद खुर्चीला जागा लागते, तिचे जास्त घ्या. सामानाला इंधन लागतं, त्याचे घ्या. कुणी कुरकुर केली तर ती त्याची चूक. पण जे द्यायला तुम्हाला काहीच लागत नाही ते मुद्दाम हिरावून घ्यायचं, आणि वर 'आम्ही ग्राहकाला निवड देतो' म्हणून छाती फुगवायची, हा खोटेपणा आहे. ओळखणं सोपं आहे: पैसे भरल्यावर ती गोष्ट किती वेळात परत येते ते बघा. रुंद खुर्ची क्षणात उगवत नाही. शेजारची जागा उगवते, प्रिंटरचा वेगही उगवतो, कारण दोन्ही तिथेच होती, तुम्ही हात ठेवून बसला होता.

आणि गिऱ्हाईकहो, तुम्हीही तिकीट काढताना सगळ्यात खालचा आकडा बघून उड्या मारता, मग एकेक तुकडा परत विकत घेता, आणि शेवटची बेरीज दुसऱ्या कंपनीच्या सरळ भाड्याशी ताडून बघत नाही. ती एकदा तरी करा की! पहिल्या पडद्यावरचा आकडा धरून निवड करताय तोवर तो आकडा छोटा दिसावा म्हणून तुमचंच छप्पर काढलं जाणार.

कंपनीवाल्यांना एकच विचारायचंय. चार वर्षांच्या पोराला आईपासून अठरा रांगा लांब बसवून तुमचा नेमका किती खर्च वाचला? तो आकडा बिलावर छापा.