परिचय पाठ करायचा की मुद्द्यांवरून द्यायचा?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय कुणी करून द्यायचा, हे ठरवायचं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. कुणी मुद्दाम सोपवलेलं नाही, इतर कुणाला नको असतं म्हणून माझ्याकडे. या चौदा वर्षांपैकी निदान दहा वर्षं मी एक नियम पाळला: नवख्या माणसाने परिचय शब्दन् शब्द पाठ करायचा आणि मुरलेल्याने कार्डावर चार मुद्दे घेऊन बोलायचं. हा नियम साफ चुकीचा निघाला, ते कसं ते सांगते.

आमच्याकडे एक अंगणवाडीताई आहेत. पालकांच्या बैठकीत ताई उभ्या राहिल्या की चुळबूळ थांबते, पण व्यासपीठावर कधी बोललेल्या नव्हत्या. एका वर्षी जमीन क्षारपड होण्यावर बोलायला मातीचे एक अभ्यासक येणार होते, त्यांचा परिचय ताईंकडे दिला. नवख्या म्हणून आमच्या समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, म्हणजे गुरुजींनी, तो लिहून दिला. ‘कृषिक्षेत्रात उल्लेखनीय योगदान देणारे असून अनेक मानसन्मानांनी गौरवलेले, आणि सध्या अमुक ठिकाणी कार्यरत असलेले’ अशा थाटाचा. ताईंनी आठ दिवस घोकला. चुलीपुढे, एसटीत, सगळीकडे.

कार्यक्रमात तिसऱ्या वाक्याला माईक बंद पडला. अर्ध्या मिनिटात सुरू झाला, पण ताई तिसऱ्या वाक्यावर परत येऊ शकल्या नाहीत. पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी अडकल्या आणि ‘बाकी तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून खाली बसल्या. लोक हसले नाहीत, पण ताई नंतर दोन वर्षं व्यासपीठाकडे फिरकल्या नाहीत.

हे का होतं ते पाढ्यांवरून कळतं. ‘सतरा साते किती?’ असं अचानक विचारलं तर आपल्यातले कितीतरी जण मनात ‘सतरा एके सतरा’पासून धावत येतात. सात या आकड्याला स्वतंत्र दार नसतं, त्याच्याकडे जायला अलीकडचं सहा लागतं. घोकलेला परिचय असाच असतो. प्रत्येक शब्द पुढच्याला हात देतो, आणि मध्ये एक हात सुटला की पुढचे सगळे अंधारात. त्यात ते ‘असून’. ‘असून’ने जोडलेलं वाक्य तीन ओळी चालतं आणि त्याचं क्रियापद शेवटी येतं, तोवर सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते. कागदावर ते भारदस्त दिसतं, बोलताना त्याचं ओझं होतं.

त्याच मोसमात उलटा प्रकार घडला. गुरुजींना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘तुम्ही कशाला पाठ करताय? मुद्दे घ्या, मोकळं बोला.’ त्यांनी कार्डावर लिहिलं: जन्म, शिक्षण, नोकरी, कार्य, पुरस्कार. आणि अकरा मिनिटं बोलले. शिक्षणावरून स्वतःच्या शाळेत गेले, शाळेतून १९७२ च्या दुष्काळात गेले, तिथून परतले तेव्हा पाहुण्यांच्या संस्थेचं नाव चुकलं. पाहुणे हसतमुखाने ऐकत होते, पण नंतर स्वतःच्या भाषणातली पहिली तीन मिनिटं त्यांना दुरुस्त्या करण्यात घालवावी लागली.

म्हणजे चाळीस वर्षं बोललेल्या माणसाला संहिता हवी होती आणि पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईला नको होती. अनुभवाचा इथे फारसा संबंध नाही. माणूस बोलताना वाक्य तिथल्या तिथे घडवतो की आधी घडवलेलं आणून ठेवतो, यावर सगळं अवलंबून आहे. ताई पहिल्या जातीच्या, गुरुजी दुसऱ्या.

हा घोळ जुनाच आहे. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की स्मरणशक्ती दणकट असेल आणि वेळ असेल तर एकही अक्षर निसटू देऊ नका. पण ती कमजोर असेल किंवा वेळ नसेल तर शब्दांना बांधून घेऊ नका, आशय पकडा आणि शब्द मोकळे सोडा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच, असं मला वाटतं. चर्चिल १९०४ साली ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण मध्येच विसरला आणि सभागृहाचे आभार मानून खाली बसला. त्यानंतर तो काही चार मुद्द्यांवर बोलणारा झाला नाही. भरगच्च टिपणं हातात घेऊन येऊ लागला. त्याची जात दुसरीच होती, आणि ती त्याने ओळखली.

जात ओळखायची कशी? मी आता एकच गोष्ट करते. माणसाला घरी बोलावते, परिचय म्हणायला सांगते आणि मध्येच विचारते, ‘चहात साखर किती?’ उत्तर देऊन तो जिथे थांबला तिथूनच, थोड्या वेगळ्या शब्दांत पुढे गेला तर त्याला मुद्दे द्यावेत. मागे गेला, नजर वर छताकडे गेली, किंवा मघाचंच वाक्य त्याच चालीत पुन्हा आलं, तर तो संहितेचा माणूस. त्याला मुद्दे देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याची घागर काढून घेणं.

संहितेच्या माणसासाठी आम्ही गुरुजींवरच प्रयोग केला. परिचय सव्वादोनशे शब्दांच्या आत, म्हणजे व्यासपीठावरच्या संथ बोलण्यात साधारण दोन मिनिटं. त्याचे चार तुकडे. प्रत्येक तुकड्याचा पहिला शब्द ठळक आणि वेगळा, एकाची सुरुवात गावाच्या नावाने, दुसऱ्याची सालाने, अशी. आणि सराव नेहमी पहिल्यापासून नाही: आज तिसऱ्या तुकड्यापासून, उद्या चौथ्यापासून, परवा दुसऱ्यापासून. पाढ्यातल्या सातला स्वतःचं दार करून द्यायचं. पुढच्या वर्षी परिचय चालू असताना आमदार आले, लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. गुरुजी थांबले आणि पुढच्या तुकड्यापासून सुरू झाले. मधली दोन वाक्यं गळाली, कुणाला कळलंही नाही.

ताईंना राजी करायला जास्त वेळ लागला. त्यांच्या कार्डावर ‘शिक्षण’, ‘कार्य’ असले मथळे येऊ दिले नाहीत, कारण मथळ्यातून वाक्य निघत नाही. तो फक्त कप्प्याचं नाव सांगतो. त्याऐवजी लिहिलं: ‘वडिलांची दोन एकर, खारवट झाली’. ‘रविवारी बांधावर येतात, पैसे घेत नाहीत’. ‘विहिरीच्या पाण्याची बाटली मागतात’. अशा तीन ओळी. पाहुणे तेच, मातीवाले, आम्ही मुद्दाम पुन्हा बोलावले होते. ताई त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, ‘जमीन फुगाटली व्हती’ असंही म्हणाल्या. समितीतल्या एकाने नाक मुरडलं. मला विचाराल तर पाठ करण्याचा निम्मा हट्ट या नाक मुरडणाऱ्यांच्या भीतीपोटी असतो. आपली बोली बाहेर येऊ नये म्हणून माणसं दुसऱ्याचं वाक्य पाठ करतात.

दोन गोष्टी मात्र दोघांनाही सारख्याच. पहिलं वाक्य आणि पाहुण्यांना बोलावण्याचं शेवटचं वाक्य पाठच हवं, कारण छाती सर्वांत जास्त पहिल्याच वाक्याला धडधडते, आणि शेवटचं ठरलेलं नसेल तर माणूस थांबतच नाही. आणि नाव, पद, पुस्तकाचं शीर्षक, साल हे कार्डावर पाहून वाचायचं, उघडपणे. त्यात कसली लाज?

यंदाच्या मालिकेसाठी गुरुजींनी परिचय लिहून दिलाय. दोनशे अठरा शब्द, चार तुकडे, सगळं ठरल्याप्रमाणे. ‘असून’ मात्र अजून दोन ठिकाणी आहे. ते काढा असं त्यांना सांगायचं कुणी, यावर समितीत एकमत झालेलं नाही.