ब्रिज मोड आणि पब्लिक आयपी ही एकाच दुखण्याची दोन औषधे नव्हेत

«ऑनलाइन गेम अडकतो, मित्रांच्या पार्टीत आवाज येत नाही, नॅट स्ट्रिक्ट दाखवतो? इंटरनेट कंपनीला एका ओळीचा ई-मेल टाका: “माझे कनेक्शन ब्रिज मोडवर टाका किंवा पब्लिक आयपी द्या.” दोन्हीपैकी काहीही मिळाले तरी नॅट ओपन होतो, पिंग निम्मा होतो, आणि हे फुकट देणे कंपनीला भागच असते.»

या सल्ल्यातला सर्वांत मोठा घोळ “किंवा” या शब्दात आहे. घरातल्या कन्सोलपासून बाहेरच्या इंटरनेटपर्यंत जाताना पत्ता एकाहून अधिक ठिकाणी बदलला जाऊ शकतो; या बदलण्यालाच नॅट म्हणतात. पहिले ठिकाण आपल्या घरात असते: कंपनीने भिंतीवर लावलेला ओएनटी, म्हणजे फायबर जोडलेला डबा, स्वतःच राउटरचे काम करतो आणि त्याच्यामागे आपण विकत घेतलेला दुसरा राउटर जोडलेला असतो, म्हणून एकाच घरात दोन नॅट तयार होतात. दुसरे ठिकाण कंपनीकडे असते. IPv4 पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्ये संपला, त्यामुळे अनेक कंपन्या एकेका पब्लिक पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. वाड्याला आतला दरवाजा आपला आणि वेशीचा दरवाजा कंपनीचा असावा, तसे हे आहे. ब्रिज मोडमध्ये ओएनटी राउटरचे काम सोडतो, म्हणजे फक्त आतला दरवाजा निघतो; पब्लिक पत्ता फक्त वेशीचा काढतो. मित्राचा कन्सोल थेट आपल्या कन्सोलशी बोलू पाहतो तेव्हा यांपैकी एक जरी बंद असला, तरी जोडणी अडकू शकते.

परभणीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने हाच ई-मेल जसाच्या तसा पाठवला होता. केबलवाल्याचा माणूस आला, ओएनटी ब्रिज करून गेला, आणि कन्सोलवर `Strict` तसेच राहिले. कारण शोधायला त्याच्या राउटरचे स्टेटस पान पुरेसे होते. आधी तिथे WAN पत्ता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, 192.168.1.5 असा, म्हणजे ओएनटीने दिलेला होता. ब्रिज झाल्यावर तो 100.72.14.9 झाला. घरातला दुहेरी नॅट गेला हे खरे, पण 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा 2012 मध्ये याच कामासाठी, म्हणजे सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे. त्या मुलाला हवा होता तो पब्लिक पत्ता, आणि कंपनीने “किंवा” वाचून स्वतःला सोपे पडेल ते करून दिले. त्यात कंपनीला दोष देता येणार नाही.

म्हणून ई-मेल लिहिण्याआधी ओएनटीच्या पानावर जाऊन WAN पत्ता पाहावा आणि तुमचा आयपी दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावरच्या पत्त्याशी तो जुळवावा. दोन्ही सारखे असतील तर सीजीनॅट नाही, आणि पब्लिक पत्ता मागण्याचे कारणच उरत नाही. वेगळे असतील तर वेशीवर नॅट आहे. काही जण मार्गातले टप्पे दाखवणारी `tracert` ही आज्ञा चालवतात आणि 10. ने सुरू होणारी ओळ दिसली की सीजीनॅट सापडल्याचे जाहीर करतात, पण कंपन्या आपल्या आतल्या राउटरांना असे पत्ते देतच असतात. पब्लिक पत्ता असलेल्या ग्राहकालाही ती ओळ दिसू शकते. त्यावर विसंबू नये.

दुखणे फक्त घरातल्या दुहेरी नॅटचे असेल तर कंपनीला ई-मेल करण्याची बहुधा गरजच पडत नाही. आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला की तो पत्ते वाटायचे थांबवतो आणि नॅट एकट्या ओएनटीवर राहतो. मग ओएनटीत UPnP, म्हणजे गेमला लागणारी वाट आपोआप उघडणारी सोय, चालू केली की पुरे. ब्रिज मोडची किंमत मात्र मोजावी लागते. ओएनटीचे वाय-फाय आणि अनेकदा त्यावरचा फोनही बंद पडतो, आणि आपल्या राउटरमध्ये कंपनीकडे लॉगिन करण्याच्या PPPoE चे युजरनेम, पासवर्ड व VLAN क्रमांक भरावा लागतो. कंपनीने खाते जुन्या उपकरणाच्या मॅक पत्त्याशी बांधलेले असेल तर हे सगळे बरोबर भरूनही कनेक्शन चालत नाही, आणि रविवारी संध्याकाळी केबलवाल्याला फोन लावत बसावे लागते.

पिंग निम्मा होण्याची गोष्ट मात्र साफ चुकीची आहे. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. परभणी ते मुंबई पाचेकशे किलोमीटर धरले, तर जाऊन येण्याला किमान पाच मिलिसेकंद लागतात. वरची भर मधल्या उपकरणांची आणि वळणावळणाच्या मार्गाची असते. पत्ता बदलल्याने हे अंतर कमी होत नाही. गेम मधेच अडकत असेल तर आधी राउटरपर्यंतचाच पिंग पाहावा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

वाय-फायवर हे आकडे 3 वरून 180 वर उड्या मारत असतील आणि केबल लावल्यावर 1 वर स्थिर राहत असतील, तर दुखणे घरातल्याच भिंतींत आहे. केबलवर सगळे ठीक असूनही, कुणी मोबाइलवरून व्हिडिओ अपलोड करायला घेतला की बाहेरचा पिंग कित्येक पटींनी चढत असेल, तर अपलोडची रांग तुंबते आहे. राउटरमध्ये ही रांग आवरणारी SQM किंवा QoS ची सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर बांधावी. त्यासाठी ब्रिज लागत नाही. शिवाय गेम बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या गेममध्ये जोडणी आपल्याकडून बाहेर जाते, त्यामुळे तिथे स्ट्रिक्ट नॅटचा त्रास सहसा पार्टीतल्या आवाजापुरता किंवा मित्राने भरवलेल्या सामन्यापुरता असतो.

राहिला फुकटचा मुद्दा. पब्लिक पत्त्यासाठी अनेक कंपन्या वेगळे भाडे घेतात. पण स्थिर पत्ता महाग आणि बदलता स्वस्त, हा फरक विचारून घ्यावा. वीज गेली, ओएनटी बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पत्ता बदलला, तरी गेमला काही फरक पडत नाही; स्थिर पत्ता घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून उघडणाऱ्यांनी घ्यावा. शेवटी त्या मुलाने पाठवलेला ई-मेल असा होता:

> महोदय, माझ्या राउटरचा WAN पत्ता 100.72.14.9 आहे, तर बाहेर दिसणारा पत्ता वेगळा आहे, म्हणजे माझे कनेक्शन सीजीनॅटमागे आहे. मला सीजीनॅटबाहेरचा पब्लिक IPv4 पत्ता हवा आहे. तो बदलता असला तरी चालेल. मासिक भाडे किती, तसेच PPPoE च्या तपशिलांत बदल होणार का, हे कळवावे. पत्ता देणे शक्य नसल्यास माझ्या कनेक्शनवर IPv6 मिळेल का, तेही कळवावे.

IPv6 विचारण्याला अर्थ आहे, कारण एक्सबॉक्ससारखी उपकरणे ते वापरतात आणि त्यात पत्त्यांची टंचाई नाही. मात्र सगळे गेम ते वापरत नाहीत, म्हणून त्याला पर्याय म्हणून दुसरीच जागा द्यावी. पत्ता मिळाल्यावर राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय बंद ठेवावी आणि संगणकाला DMZ मध्ये टाकू नये, म्हणजे बाहेरून येणारे सगळे त्याच्याकडे वळवू नये, कारण वेशीचा दरवाजा गेल्यावर बाहेरून येणाऱ्या चाचपण्या थेट आपल्या राउटरवर येतात.