"लोकलला वजनाचा हिशोब कशाला? 2 टक्के म्हणजे हलकंच औषध, 10 मिलीपर्यंत कुणालाही बिनधास्त द्या. जास्त वेळ हवा असेल तर बुपिव्हाकेन मिसळा, दोन्हींची मर्यादा वेगवेगळी असते. सुई मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे झालं."

टाके घालण्याआधी लिग्नोकेन टोचून जागा बधिर करतात, त्याबद्दलचा हा सल्ला धोक्याचा आहे. त्यातला पहिला घोळ "2 टक्के" या शब्दांतच आहे. 100 मिलीत 2 ग्रॅम, म्हणजे एका मिलीत 20 मिलिग्रॅम. टक्क्यांना 10 ने गुणलं की दर मिलीचे मिलिग्रॅम मिळतात: 1 टक्का म्हणजे 10, बुपिव्हाकेनचं 0.5 टक्का म्हणजे 5. ही एक पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आता 12 किलोचं मूल घ्या. पडून कपाळ फुटलंय, चार टाके घालायचे आहेत. साध्या लिग्नोकेनची मर्यादा पुस्तकागणिक किलोमागे 3 ते 4.5 मिलिग्रॅम सापडते. मुलांसाठी 3 च धरावी. 12 गुणिले 3 म्हणजे 36 मिलिग्रॅम. भागिले 20, उत्तर 1.8 मिली. त्या "बिनधास्त" 10 मिलीत 200 मिलिग्रॅम असतं, म्हणजे मर्यादेच्या साडेपाच पट. 60 किलोच्या माणसालाही 3 च्या हिशोबाने 180 मिलिग्रॅम, म्हणजे 9 मिलीच बसतात. सहा महिन्यांखालचं बाळ, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार असेल तर याहूनही खाली यावं लागतं. उलट वजन 110 किलो असलं म्हणून डोस त्या प्रमाणात वाढवू नये. चरबीचं वजन हिशोबात न घेता उंचीप्रमाणे योग्य असलेलं वजन घ्यावं.

काही बाटल्यांवर दर मिली 21.3 मिलिग्रॅम छापलेलं असतं. त्या आकड्यानेच भागलं तर उत्तर 1.7 मिली येतं. थोडं कमी, पण चूक सुरक्षित बाजूला.

1.8 मिलीत चार टाके बसणार नाहीत असं वाटतं, आणि तिथेच हात सुटतो. त्यावर उपाय जास्त औषध नव्हे, पातळ औषध. 2 टक्क्यांच्या 1.8 मिलीत तेवढंच नॉर्मल सलाइन घातलं की 1 टक्क्याचे 3.6 मिली हातात येतात. मिलिग्रॅम तेवढेच, जागा दुप्पट. त्वचेत टोचून बधिर करायला 1 टक्का पुरतं. अ‍ॅड्रेनालिन मिसळलेली बाटली असेल तर मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंत जाते, कारण रक्तवाहिन्या आकसल्याने औषध रक्तात हळू उतरतं. याच मुलाला मग 84 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचे 4.2 मिली. डोक्याच्या त्वचेत रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे या मर्यादेच्या बरंच आत राहणं शहाणपणाचं.

मिसळण्याचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. दोन्ही औषधांचं विष मेंदूवर आणि हृदयावर एकाच वाटेने चढतं, त्यामुळे मर्यादांची बेरीज होत नाही, वाटणी होते. 60 किलोच्या माणसाला बुपिव्हाकेन किलोमागे 2 प्रमाणे 120 मिलिग्रॅम चालतं. त्याला 0.5 टक्क्याचे 12 मिली दिले, तर 60 मिलिग्रॅम गेलं, निम्मा कोटा संपला. मग लिग्नोकेनचाही निम्माच उरतो: 180 पैकी 90 मिलिग्रॅम, 2 टक्क्यांचे साडेचार मिली. बुपिव्हाकेन हृदयावर जास्त वाईट बसतं, म्हणून त्याच्या बाबतीत "थोडंसं जास्त" हा प्रकार तर नकोच.

सुई मागे ओढून बघणं बरोबर, ते प्रत्येक वेळी करावंच. पण त्याने फक्त सुई शिरेत नाही एवढं कळतं, तेही खात्रीने नाही. मांसात टोचलेलं औषध सावकाश रक्तात उतरतं आणि कधीकधी वीसेक मिनिटांनी त्याची पातळी शिखरावर जाते. तोवर टाके संपलेले, रुग्ण बाहेर बाकावर. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूसारखी चव येते, कानात घंटी वाजते, बोलणं अडखळतं. मग झटके, मग हृदयाचा ठोका बिघडतो. तीन वर्षांचं मूल कानातली घंटी सांगत नाही. ते नुसतं चिडचिड करतं किंवा अचानक गप्प होतं, आणि कधी पहिलं लक्षण झटकाच असतो.

तशी शंका आली की टोचणं तिथेच थांबवावं, मदतीला हाक मारावी, ऑक्सिजन द्यावा, झटके आवरावेत. उतारा म्हणून द्यायच्या 20 टक्के लिपिड इमल्शनचा पहिला डोस किलोमागे 1.5 मिली, या मुलासाठी 18 मिली. ती बाटली कपाटात आहे का, हे सुई टोचण्याआधी बघायचं.

आणि 30 मिलीची बाटली टेबलावर उघडी ठेवून लागेल तसं ओढत राहू नये, त्यात 600 मिलिग्रॅम असतं. वजन करून आकडा काढावा, तेवढंच सिरिंजमध्ये भरून सिरिंजवर मिली आणि टक्के लिहावेत, बाटली उचलून ठेवावी.