लिफ्ट देणाऱ्याचे आभार किती मानावेत?

कुणी स्टेशनपर्यंत सोडले किंवा येता येता औषध आणून दिले, तर घरच्या माणसाचे आपण तोंडभरून आभार मानत नाही आणि त्यात काही वावगेही नाही. सख्ख्या भावाला ‘मी आपला आभारी आहे’ म्हटले, तर ‘काय रे, बरा आहेस ना?’ असे तोच विचारेल. अडचण येते ती अर्ध्या ओळखीच्या माणसांपाशी. कार्यालयातला सहकारी किंवा वरच्या मजल्यावरचे काका यांच्याशी गप्प राहिलो तर गृहीत धरल्यासारखे होते, आणि फार बोललो तर त्यांनाच अवघडल्यासारखे होते.

मागे आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याला संध्याकाळी पुणे स्टेशनवरून इंद्रायणी पकडायची होती. पाऊस होता, रिक्षा मिळत नव्हती, म्हणून मी त्याला कर्वे रस्त्यावरून स्कूटरवर घेऊन निघालो. मला जायचे होते येरवड्याला, त्यामुळे संचेती चौकापर्यंतचा रस्ता तसाही माझाच होता. वाकडी वाट होती ती फक्त पुढे स्टेशनच्या गर्दीत शिरण्याची. तो मात्र वाटभर मागून ‘सर, तुम्हाला उगाच त्रास दिला’, ‘सर, खरंच सॉरी’ असे म्हणत राहिला आणि प्रत्येक वेळी ‘अरे, त्यात काय’ असे त्याची समजूत काढण्याचे काम माझ्याकडे आले. म्हणजे गाडीही मीच चालवायची आणि धीरही मीच द्यायचा! अतिरेकी आभारांची मला कळलेली खूण हीच आहे की, मदत करणाऱ्यालाच उलट आपली समजूत काढावी लागते.

स्टेशनवर उतरल्यावर मात्र तो नेमके बोलला. ‘सर, तुम्ही आत गर्दीत आलात म्हणून वेळेत पोचलो, नाहीतर बाहेरूनच पळावं लागलं असतं,’ एवढे म्हणून तो लगेच वळला. मी घेतलेला खरा त्रास कोणता, हे त्याने बरोबर ओळखले होते. संचेतीपर्यंतच्या रस्त्याचे त्याने कितीही कौतुक केले असते, तरी ते पोकळ वाटले असते, कारण तिथे मी काहीच जास्तीचे केले नव्हते. पुढे त्याचा एका ओळीचा संदेश आला, ‘गाडी मिळाली, खिडकीही मिळाली.’ त्यात आभाराचा शब्दसुद्धा नव्हता, पण मला सर्वांत बरे वाटले ते त्या ओळीने, कारण ज्यासाठी धावपळ केली ते काम झाले की नाही, याची थोडी रुखरुख सोडणाऱ्याच्याही मनात असतेच.

हाच संदेश त्याने कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर माझे नाव घालून टाकला असता, तर ते मला आवडले नसते. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सर, तुम्ही येरवड्याकडेच जाता ना?’ अशी चौकशीही सुरू होते. दोघांमधल्या छोट्या मदतीचे आभार दोघांमध्येच राहिलेले बरे.

पैशांचा प्रश्न नाजूक खरा, पण अवघड नाही. एकदा दिलेल्या लिफ्टबद्दल पेट्रोलचे पैसे पुढे केले, तर बहुतेकांना ते लागते; आपल्याला रिक्षावाला समजले की काय, असे वाटते. कुणी आपल्यासाठी पदरचे पैसे खर्च केले असतील, तर मात्र तिथे संकोच उपयोगाचा नाही. काकांनी आणलेल्या गोळ्यांचे बिल ३४० रुपये झाले असेल, तर ‘काका, किती झाले?’ असे दारातच विचारून तिथल्या तिथे ३४० रुपयेच द्यावेत. ‘वरचे राहू द्या’ म्हणून ४०० पुढे केले, तर काकांच्या फेरीची आपण ६० रुपये मजुरी ठरवल्यासारखे होते. उलट पैसे द्यायचे राहिले आणि काकांवर मागायची पाळी आली, तर गोड शब्दांना काही अर्थ उरत नाही.

भेटवस्तूचेही तसेच. औषध आणून दिले म्हणून त्याच संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन जाणे मला हिशेब मिटवल्यासारखे वाटते. त्यापेक्षा पुढे कधी घरी काही वेगळे केले, की वाटीभर वर पाठवावे आणि त्या गोळ्यांचा विषयही काढू नये.

लिफ्ट रोजची झाली, तर मात्र वेगळे वागावे लागते, कारण रोज उतरताना ‘थँक्यू’ म्हटल्याने पेट्रोल भरले जात नाही. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात ‘महिन्याचं पेट्रोल अर्धं अर्धं करू या, नाहीतर मला उद्यापासून बसायला संकोच वाटेल’ असे सरळ बोलावे, म्हणजे गाडीवाल्याला हो म्हणणे सोपे जाते.