उलट भाषांतर जुळले म्हणजे काय जुळले?

जमिनीच्या कागदांच्या इंग्रजी भाषांतरासाठी यंत्रावर विसंबू नका, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: «भाषांतरकाराने यंत्रावर विसंबू नका असे सांगणे म्हणजे दुकानदाराने स्वतःच्याच मालाची शिफारस करणे. मी आमच्या जमिनीचे 22 कागद यंत्राकडून इंग्रजीत करून घेतले आणि मुलाच्या टोरांटोतील वकिलाला पाठवले. प्रत्येक कागद पुन्हा मराठीत करून ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. घरपट्टीच्या पावतीलाही माणूस हवा म्हणता? आणि पानामागे किती घेता, ते लेखात कुठेच नाही.»

महोदय,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुकानदार हा शब्द मला लागला, आणि तो लागला हे मी लपवत नाही. 1998 पासून तालुक्याच्या कोर्टालगतच्या एका खोलीत मी खरेदीखते, वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे आणि मृत्युपत्रे इंग्रजीत आणतो आहे. त्यातली पहिली सहा वर्षे टंकलेखन यंत्रावर गेली. या काळात माझ्याकडे आलेले कितीतरी कागद, याला माझी गरज नाही असे सांगून मी परत दिले आहेत. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या हेतूबद्दल इतक्या सहजपणे लिहू नये, एवढेच या बाबतीत सांगतो.

घरपट्टीच्या पावतीचे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्या वाक्यात मी गरजेपेक्षा पुढे गेलो. पावतीचा नमुना छापील असतो, त्यात नाव, मिळकत क्रमांक, वर्ष आणि रक्कम एवढेच असते, आणि आकडा चुकला तर तो मूळ पावतीशेजारी ठेवून कोणालाही दिसतो. तिथे यंत्र पुरेसे आहे. बावीस कागदांच्या गठ्ठ्यातले महत्त्वाचे कोणते, हे ठरवण्यासाठी पहिले वाचन यंत्राकडून करून घेण्यासही माझी हरकत नाही. मी स्वतः तसे करतो.

मात्र ज्या तपासणीवर आपला सगळा विश्वास उभा आहे, ती तपासणी तपासणीच नव्हे. यंत्राचे इंग्रजी यंत्राकडूनच मराठीत आणले आणि मूळ शब्द परत मिळाले, तर त्यावरून शब्द परत आले एवढेच कळते; मध्ये बसलेल्या इंग्रजी वाचकाला काय समजले, हे त्यावरून कधीच कळत नाही. सर्वांत सोपे उदाहरण साठेखताचे. यंत्राला शब्द उमगला नाही की ते पुष्कळदा तो रोमन अक्षरांत जसाच्या तसा उतरवते, आणि उलट फिरवल्यावर तो पुन्हा देवनागरीत साठेखत म्हणूनच येतो. आपल्या पद्धतीने ही परीक्षा पैकीच्या पैकी गुणांनी उत्तीर्ण झाली, पण टोरांटोतील वकिलाच्या हाती अर्थहीन अक्षरे पडली. यंत्राने त्याचे खरेदीखत करून टाकले तर आणखी वाईट. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. साठेखत हा असा करार आहे आणि खरेदीखताने मालकी जाते. या दोन शब्दांतले अंतर म्हणजे जमीन आपली आहे की नाही, एवढे आहे.

याहून घातक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे, तो म्हणजे आपण. 2019 साली एक कुटुंब माझ्याकडे आले. त्यांच्या आजोबांनी 1987 मध्ये शेत मुदत खरेदीने, म्हणजे मुदतीत रक्कम फेडल्यास परत मिळेल अशा गहाणाने, दिले होते. दस्तातले वाक्य असे होते: «पाच वर्षांचे आत मुद्दल रक्कम परत केल्यास आपण सदर मिळकत फिरवून द्यावी, त्यास कसूर करू नये.» जुन्या दस्तांत लिहून देणारा लिहून घेणाऱ्याला आदराने आपण म्हणतो, म्हणून मिळकत परत देण्याचे बंधन इथे घेणाऱ्यावर आहे. पण मराठीत आपण म्हणजे ‘तुम्ही’ही होते आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही होते. यंत्राने दुसरा अर्थ धरला, आणि इंग्रजीत बंधन आजोबांच्या बाजूवर आले. वाक्य गुळगुळीत होते, व्याकरणात कुठे खोट नव्हती. त्याच्या आधारे परदेशातील नातवाच्या वकिलाने लिहिलेल्या पहिल्याच पत्रात, मिळकत परत देणे आमच्या पक्षाकडे होते, अशी कबुली गेली. समोरच्या पक्षाने ते पत्र जपून ठेवले. ते निस्तरण्यात सात महिने गेले. आणि गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा 30 वर्षे देतो, दस्तातली पाच वर्षे संपल्यापासून मोजता त्यातली सत्तावीस सरलेली असताना हे महिने स्वस्त नव्हते.

आता आपली कसोटी त्या वाक्याला लावून पाहावी. इंग्रजीतील ‘आम्ही सर्वांनी’ या अर्थाचा शब्द मराठीत सहज ‘आपण’ होऊन येतो. मी त्या कुटुंबासमोर ते करून पाहिले. परतलेले वाक्य मूळ वाक्याशी जवळजवळ अक्षरशः जुळले. चूक तशीच होती आणि ताळा बरोबर आला होता. बावीस कागद जुळले असे आपण अभिमानाने लिहिता, तेव्हा मला ते कुटुंब आठवते, आणि आपल्या उपहासाला शांतपणे उत्तर देणे कठीण जाते.

जुन्या उताऱ्यांवरचे क्षेत्र हाही असाच सापळा आहे. ‘2-5’ म्हणजे 2 एकर 5 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर असल्यामुळे ते सव्वादोन एकरांहूनही कमी भरते. यंत्राने त्याचे अडीच एकर केले, तर 2 एकर 20 गुंठे झाले आणि 15 गुंठे हवेतून आले. उलट फिरवल्यावर ‘2.5’ दिसेल आणि नजर त्यावरून घसरून जाईल.

म्हणून माझी कसोटी यंत्राचे इंग्रजी किती चांगले आहे, ही नाही. चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात येईपर्यंत तिच्यावर कोणी सही केलेली असेल का, हे मी विचारतो. घरपट्टीची पावती या प्रश्नाला उतरते. ज्या कागदात कोणी कोणाला काही द्यायचे आहे, सोडायचे आहे किंवा परत करायचे आहे, तो उतरत नाही, कारण मूळ मराठी समजणारा माणूस आणि इंग्रजीवर निर्णय घेणारा माणूस तिथे वेगळे असतात. शिवाय काही ठिकाणी हा प्रश्न आपल्या मर्जीवर राहतच नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे परभाषेतला कागद देताना इंग्रजी भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे प्रमाणपत्र भाषांतरकाराला द्यावे लागते. ती जबाबदारी यंत्र घेत नाही. घेते ती खाली सही करणारी व्यक्ती.

दराबद्दल मी इथे लिहिणार नाही. तो लेखाचा विषय नव्हता.

आपल्या बावीस कागदांतले कोणते चिंतेचे आहेत, हे पाहायला मी एक पैसा घेणार नाही. प्रत्येक दस्तातल्या ‘आपण’, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या शब्दांवर पेन्सिलीने खूण करावी आणि समोरच्या इंग्रजी वाक्यात देणारा कोण, घेणारा कोण, हे मुलाला फोनवर मोठ्याने वाचायला लावावे. मूळ मराठी दस्त हाती घेऊन आपण ते ऐकावे. जिथे उत्तर वेगळे येईल, तो कागद टोरांटोहून परत मागवावा.