डोमेन डिझायनरच्या नावावर असेल तर रजिस्ट्रारला काय लिहायचं

डोमेन परत मिळावं म्हणून धंदेवाल्यांनी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, लिहिलेली बरीच पत्रं माझ्याकडे येतात. बहुतेक दोन पानी असतात. डिझायनरवर किती विश्वास टाकला, त्याला किती पैसे दिले, मग त्याने फोन उचलणं कसं बंद केलं, आता सगळं कसं अडून बसलंय. यातलं काहीच खोटं नसतं. पण रजिस्ट्रारकडून उत्तर दोनच ओळींचं येतं: नोंदणी तुमच्या नावावर नाही, मालकीच्या वादात आम्ही पडत नाही, कोर्टाचा आदेश आणा. मग रजिस्ट्रारच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं.

माझं मत अनेकांना पटणार नाही, पण मला रजिस्ट्रारचं हे उत्तर रास्त वाटतं. जे त्याच्या हातात नाही ते आपण मागतो, आणि जे हातात आहे ते मागायचं राहून जातं.

नुसत्या पत्रावर डोमेन दिलं तर काय होतं याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे sex.com. गॅरी क्रेमेन याने १९९४ साली ते डोमेन नेटवर्क सोल्युशन्स या रजिस्ट्रारकडे नोंदवलं. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने एक बनावट पत्र तयार करून त्यांना दिलं. पत्र क्रेमेनच्याच कंपनीचं असल्याचं भासवलं होतं. त्यात लिहिलं होतं की क्रेमेनला आम्ही काढून टाकलंय, संपर्काचं नाव बदलायचं राहून गेलं, आणि आता हे डोमेन कोहेनला द्यायला आमची हरकत नाही. आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही म्हणून पत्र पाठवतोय, अशी मखलाशीही होती. नेटवर्क सोल्युशन्सने क्रेमेनला एका शब्दाने न विचारता डोमेन कोहेनच्या नावावर केलं. ते परत मिळायला क्रेमेनला सुमारे पाच वर्षं लागली. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती भलत्याच्या हाती दिल्याबद्दल रजिस्ट्रारला जबाबदार धरता येतं.

आता तुमचं पत्र रजिस्ट्रारच्या टेबलावरून वाचून बघा. "तो माणूस आता आमच्याकडे नाही, डोमेन आमचंच आहे, आमच्या नावावर करा." मजकूर कोहेनचाच की. तुम्ही खरे आणि तो खोटा, हे कागदावरून कसं कळणार?

एका छोट्या कारखान्याच्या मालकीणबाईंचं प्रकरण नुकतंच हाताशी होतं, त्यावरूनच सांगतो. डोमेनचं खरं नाव देत नाही, example.com समजा. वेबसाइट करून देणाऱ्या डिझायनरने स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं होतं. काम संपलं, तो दुसरीकडे गेला आणि मेलला उत्तर देईना. साइट चालू होती, मेल येत होते, पण मुदत संपायला थोडेच महिने उरले होते.

पत्राला हात लावण्याआधी मी त्यांना lookup.icann.org वर डोमेन टाकून बघायला सांगितलं. मालकाचं नाव तिथे बहुधा दिसत नाही. २०१८ पासून वैयक्तिक तपशील झाकलेले असतात. पण रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, मध्ये रजिस्ट्रारची डोमेनं विकणारा कुणी रीसेलर आहे का, हे कळतं. रीसेलर असेल तर रजिस्ट्रार आधी त्याच्याकडे बोट दाखवतो, म्हणून पत्र दोघांनाही जायला हवं. तिथेच गैरवापराच्या तक्रारीचा मेल पत्ताही दिसतो आणि लोक घाईने त्यावरच पत्र पाठवतात. तो पत्ता फसवणूक, स्पॅम असल्या गोष्टींसाठी असतो. आपल्याला गाठायचा आहे तो मालकी बदल किंवा खाते परत मिळवणं बघणारा विभाग.

मग जुने मेल उपसायला लावले. नोंदीतली माहिती बरोबर आहे का ते तपासा, अशी आठवण रजिस्ट्रारला वर्षातून एकदा डोमेनधारकाला पाठवावी लागते. ती आठवण कंपनीच्याच एखाद्या मेलवर येत असेल तर अर्धी लढाई संपली, कारण पासवर्ड नव्याने मागवता येण्याची शक्यता असते. बाईंच्या बाबतीत ती डिझायनरला जात होती. पण त्याने एकदा बिल मागताना तीच आठवण जशीच्या तशी बाईंना पुढे पाठवली होती, आणि तिच्यात नोंदीचा तपशील होता. Registrant Name समोर डिझायनरचं नाव. Registrant Organization समोर बाईंच्या कंपनीचं नाव.

सगळा खेळ या दुसऱ्या ओळीत आहे. डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था म्हणजे आयकॅन; तिचं २१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेलं धोरण सांगतं की संस्थेचा रकाना भरलेला असेल तर डोमेनधारक ती संस्था; वर लिहिलेलं माणसाचं नाव संपर्कापुरतं. म्हणजे बाईंना "आमचं डोमेन आम्हाला परत द्या" असं म्हणायचंच नव्हतं. "धारक आम्हीच आहोत, आमचा संपर्क जुना झालाय, तो बदला" इतकंच म्हणायचं होतं. पहिल्या मागणीत रजिस्ट्रारला न्यायाधीश व्हावं लागतं, दुसरीत कारकुनी काम करावं लागतं. कारकुनी काम तो करतो.

शेवटी गेलेलं पत्र साधारण असं होतं:

"विषय: example.com, डोमेनधारकाच्या संपर्कात दुरुस्ती आणि तोवर बदल रोखण्याची विनंती.

या डोमेनच्या नोंदीत Registrant Organization म्हणून आमच्या कंपनीचं नाव आहे. तुमच्याकडून आलेली वार्षिक आठवण सोबत जोडली आहे. Registrant Name मध्ये ज्यांचं नाव आहे ते आमचे बाहेरचे डिझायनर होते. त्यांचं काम संपलं असून ते कंपनीच्या वतीने वागायला आता अधिकृत नाहीत. कंपनीची नोंदणी, सही करणारीचं ओळखपत्र आणि डोमेनचा खर्च वेगळा दाखवणारं डिझायनरचं बिल जोडलं आहे.

आमच्या विनंत्या अशा. संपर्काचं नाव आणि मेल बदलून खालीलप्रमाणे करावा. धारक कोण यावर वाद असल्याची ही लेखी सूचना समजून, निर्णय होईपर्यंत डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे किंवा दुसऱ्या नावावर जाऊ देऊ नये. हे पत्र नोंदीतल्या सध्याच्या मेलवर पाठवून त्यांचं म्हणणं मागवावं. मुदत जवळ आली तर मालकीला धक्का न लावता नूतनीकरणाचे पैसे आम्हाला भरू द्यावेत. नेमसर्व्हरमध्ये मात्र कोणताही बदल करू नये. हे तुमच्या अधिकारात नसेल तर कोणती कागदपत्रं किंवा कोणता आदेश लागेल ते लेखी कळवावं."

डिझायनर कसा वागला याबद्दल पत्रात एक शब्द नाही. बाईंना ते फार लागलं. "एवढं केलं त्याने, आणि आपण अवाक्षरही काढायचं नाही?" नाहीच. पत्र त्याच्याकडे जावं अशी आपणच मागणी केली आहे. चोर म्हटलेला माणूस संमतीचं बटण दाबत नाही, आणि त्याची संमती हा आजही सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

बदल रोखण्याची विनंती लोक गाळतात, कारण lookup मध्ये clientTransferProhibited दिसतं आणि डोमेनला कुलूप आहे असं वाटतं. कुलूप आहे, पण किल्ली खातेदाराकडे, म्हणजे डिझायनरकडेच. धारक कोण यावर वाजवी वाद असेल तर हस्तांतर नाकारायची मुभा आयकॅनचे नियम रजिस्ट्रारला देतात. ती त्याने वापरावी यासाठी वाद आहे हे त्याला लेखी कळलेलं असावं लागतं. साइट आणि मेल कुठे आहेत हे जगाला सांगणाऱ्या नेमसर्व्हरचं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. उत्साही कर्मचाऱ्याने ते बदलले तर साइट आणि मेल दोन्ही एकदम झोपतात, आणि पुढचा पत्रव्यवहार त्याच मेलवर चाललेला असतो.

नूतनीकरणाबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: मुदत संपू दे, सुटलं की आपण घेऊ. कृपा करून हे करू नका. .com सारख्या डोमेनला मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार नूतनीकरणासाठी ४५ दिवसांपर्यंत सवलतीची मुदत मिळते, डोमेन काढलं गेलं की ३० दिवस ते जादा पैसे भरून सोडवता येतं आणि शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. सोडवण्याचा हक्क नोंदीतल्या धारकाचा. आणि बरेच रजिस्ट्रार डोमेन त्या टोकापर्यंत जाऊच देत नाहीत, आधीच लिलावात काढतात.

आता संस्थेचा रकाना कोरा असेल, किंवा तिथे डिझायनरच्याच स्टुडिओचं नाव असेल तर? मग बिलं कितीही जोडा, कागदोपत्री धारक तो आहे. पैसे कुणी भरले यावरून धारक ठरत नाही. तेव्हाही पत्र लिहावं, पण अपेक्षा दोनच ठेवाव्यात: पत्र त्याच्यापर्यंत पोचावं आणि वादाची नोंद व्हावी. पुढे यूडीआरपी ही लवादासारखी प्रक्रिया आहे, पण ती सायबर बळकावणुकीसाठी बनली आहे. तिथे नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. डिझायनरने तर ते तुमच्याच सांगण्यावरून घेतलेलं असतं, त्यामुळे नोंदवतानाच हेतू वाईट होता हे दाखवताना गाडी अडते. हा करारातला वाद आहे, कोर्टात जा, असं तिथून ऐकावं लागू शकतं. डोमेनच्या बदल्यात त्याने अव्वाच्या सव्वा पैसे मागितल्याचे मेल असतील तर ते जपून ठेवा, पण एकट्या त्यावर भिस्त नको.

बाईंना रजिस्ट्रारने आणखी एक कागद मागितला, कंपनीच्या लेटरहेडवर सहीचं अधिकारपत्र. डिझायनरला कळवून उत्तरासाठी मुदत दिली. त्याने "माझी हरकत नाही" एवढंच लिहिलं. इतके दिवस गप्प का होता ते त्यालाच ठाऊक. संपर्क बदलला आणि त्यासोबत ६० दिवसांचं बंधन लागलं, म्हणजे तेवढ्यात डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येणार नाही. बाईंना ती शिक्षा वाटली. मला ते बरं वाटलं, कारण डीएनएसच्या नोंदी, म्हणजे मेल आणि साइट कुठे पोचवायची त्या नोंदी, अजून डिझायनरच्याच होस्टिंगवर आहेत. त्या एकेक उतरवून नव्या जागी मांडायच्या आहेत, आधी मेलच्या, मग साइटची.