नमस्ते आणि नमस्कार : एकात 'तुला' आहे, दुसऱ्यात नाही

परवा धरमपेठेत एका मुंजीला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एका गृहस्थांनी सांगितलं, "नमः म्हणजे न मम. माझं काही नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्थ सुंदर आहे, पण तो या शब्दाचा नाही. 'इदं अग्नये, न मम' हे आहुती देतानाचं वाक्य वेगळं. 'नमः' आलं ते 'नम्' धातूपासून, आणि नम् म्हणजे वाकणं. आपण 'नमतं घे' म्हणतो, 'नम्र' म्हणतो, तोच हा धातू.

'नमस्ते'मधला 'ते' म्हणजे 'तुला'. संस्कृतात नमः आलं की ज्याला नमन करायचं त्याची चतुर्थी विभक्ती येते, म्हणून 'रामाय नमः'. आणि विसर्गाचा स् का झाला, ते गणपती अथर्वशीर्षात फलश्रुतीच्या आधीच्या ओळीत कानाला कळतं. 'नमो व्रातपतये, नमो गणपतये, नमः प्रमथपतये, नमस्ते अस्तु'. एकच शब्द, पुढचं अक्षर बदललं की त्याचं टोक बदलतं. त आला की स्.

म्हणजे 'नमस्ते'चा शब्दशः अर्थ 'तुला नमन' एवढाच. त्यात क्रियापद नाही, 'मी'सुद्धा नाही. कोण वाकतंय हे शब्द सांगत नाही, ते समोरचं शरीर सांगतं. 'नमस्कार'चं उलट आहे. नमस् अधिक कार, म्हणजे नमन करण्याची कृती. इथे करणं आहे, पण 'तुला' नाही. कोणाला, हे जोडलेले हात ज्या दिशेला वळलेत त्यावरून कळतं. शब्दात जे राहून गेलं ते अंग भरून काढतं, म्हणून ही जोडी मला इतकी आवडते.

हात जोडणं, म्हणजे अंजली, दोन्ही शब्दांत कुठेच नाही. शब्दात आहे ते फक्त वाकणं. त्यामुळे इतवारीत दोन्ही हातांत पिशव्या असताना कोणी नुसती मान लववली, तरी माझ्या मते नमस्कार पूर्ण झाला. हात जोडून मान ताठ ठेवली, तर अर्धाच.

आमच्या नागपुरात हिंदी-मराठी एकाच घरात नांदते, तिथे हा फरक रोज दिसतो. शेजारच्या हिंदीभाषक घरात पोराला "नमस्ते करो" म्हटलं की ते हात जोडतं. आमच्याकडे "आजीला नमस्कार कर" म्हटलं की पोरगं थेट पायाशी वाकतं, तोंडातून एक अक्षर काढत नाही. मोठ्यांना 'नमस्ते' म्हणू नये, त्यात एकेरी 'तुला' आहे, असं माझी मावशी म्हणायची. 'ते' एकवचनी आहे हे तिचं खरं, पण संस्कृतात देवालाही तेच एकवचन लागतं. सभेत मात्र मी 'नमस्कार'च म्हणतो, कारण समोर पुष्कळ माणसं असतात आणि 'ते' एकालाच पुरतं.